चिन्हे उघडी पडली तरी शीर्षक शीर्षकच दिसावे

मजकुराचे भाग पाडताना अनेक जण ओळीच्या आधी हॅशची चिन्हे टाकतात. `##` लिहून एक जागा सोडायची आणि पुढे शब्द लिहायचे, की वाचणाऱ्याच्या पडद्यावर तीच ओळ मोठ्या, ठळक अक्षरांत दिसते. ही पद्धत मार्कडाउनची. जॉन ग्रुबर यांनी ती २००४ साली मांडली तेव्हा नुसता मजकूरही डोळ्यांना वाचता यावा, हा तिचा एक हेतू होता. पण चिन्हांचे रूपांतर शीर्षकात करायला मध्ये एक प्रोग्रॅम लागतो. तोच मजकूर साध्या ईमेलमध्ये, निरोपाच्या अ‍ॅपमध्ये किंवा एखाद्या फॉर्मच्या रकान्यात चिकटवला, की तो प्रोग्रॅम तिथे असेलच असे नाही. तो नसला की वाचणाऱ्याला दिसते ते असे:

```
## सभासद नोंदणी
नोंदणीसाठी ओळखपत्राची प्रत आणावी.
### **मुदतवाढ:**
```

मार्कडाउन माहीत असलेला माणूस मनातल्या मनात हे दुरुस्त करून वाचतो. ज्याला माहीत नाही, त्याला वाटते की फाइल बिघडली, किंवा हॅशला काही अर्थ आहे आणि तो आपल्याला कळला नाही. विकीची `== नोंदणी ==` ही पद्धत किंवा `<h2>` सारखे टॅग उघडे पडले तर अवस्था आणखी वाईट होते.

आपला मजकूर कुठे वाचला जाणार हे नक्की ठाऊक असेल तर प्रश्न नाही, तिथली सोय वापरावी. ठाऊक नसेल तेव्हा काय करायचे, यावर हा लेख आहे. यातल्या भागांची शीर्षकेही त्याच रीतीने लिहिली आहेत.

इंग्रजीच्या युक्त्या इथे का चालत नाहीत?

साध्या मजकुरात शीर्षक दाखवायची इंग्रजीची सर्वांत जुनी युक्ती म्हणजे सगळी अक्षरे मोठ्या लिपीत लिहिणे. टाइपरायटरच्या काळापासून ती चालत आली आहे आणि तिला एकही जादा चिन्ह लागत नाही. देवनागरीत मोठी आणि लहान लिपी असा भेदच नाही, त्यामुळे हा दरवाजा बंद.

मग काही जण अक्षरे सुटी करून लिहितात: ‘नों द णी’. दिसायला ते रुंद दिसते खरे, पण पडद्यावर ‘नोंदणी’ शोधणाऱ्याला ही ओळ सापडत नाही, कारण यंत्राच्या लेखी हे आता तीन वेगळे शब्द आहेत. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडरही ते तुकड्यातुकड्यांनी वाचतो. हे काम एखाद्या प्रोग्रॅमवर सोपवले तर कधी कधी मात्राही अक्षरापासून तुटतात आणि ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली वेलांटी दिसू लागते.

तिसरी युक्ती ‘ठळक अक्षरे तयार करून देणाऱ्या’ वेबसाइटची. युनिकोडमध्ये गणितासाठी राखलेली ठळक रोमन अक्षरे आहेत, या वेबसाइट तीच उचलून देतात. देवनागरीसाठी तसा संच युनिकोडमध्ये नाहीच. मराठी मजकूर तिथे टाकला तर तो जसाच्या तसा परत येतो.

राहिले तारे. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक तारा दिला की व्हॉट्सअ‍ॅपमध्ये शब्द ठळक होतो. मार्कडाउनमध्ये त्याच एका ताऱ्याने शब्द तिरका होतो, आणि ठळक करायला दोन-दोन तारे लागतात. साध्या ईमेलमध्ये दोन्हीकडचे तारे तसेच दिसतात. म्हणजे एकच ओळ तीन ठिकाणी तीन रूपांत दिसणार. शिवाय दोन ताऱ्यांच्या पद्धतीत एक खाच आहे. `**मुदतवाढ:**एकदाच मिळते` असे जागा न सोडता लिहिले, तर मार्कडाउनच्या आजच्या प्रमाण नियमांनुसार ते ठळक होतच नाही. बंद करणाऱ्या ताऱ्यांच्या अलीकडे विरामचिन्ह आणि पलीकडे लगेच अक्षर आले, की ते तारे बंद करणारे मानले जात नाहीत. जिथे रूपांतर नीट होते असे आपण धरून चालतो, तिथेही तारे उघडे राहतात ते बऱ्याचदा यामुळे.

रेघेचा मोह

चिन्हे नकोत तर खाली रेघ ओढू, असे पुष्कळांना सुचते. शीर्षकाखाली हायफन किंवा बरोबरची चिन्हे ओळीने टाकायची. दिसायला हे सभ्य आहे, आणि गंमत म्हणजे मार्कडाउनमध्येही शीर्षकाची ही मान्य पद्धत आहे. म्हणून रूपांतर झाले तर खरे शीर्षक, नाही झाले तर निदान अधोरेखित ओळ, असा दुहेरी फायदा दिसतो. मी ही पद्धत पूर्ण नाकारणार नाही, पण तिचे तीन त्रास ओळखून घ्यावेत.

पहिला त्रास लांबीचा. टंकलेखन यंत्रावर प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते, त्यामुळे दहा अक्षरांखाली दहा हायफन बरोबर बसतात. देवनागरीत ‘क्ष’ रुंद, ‘र’ अरुंद, आणि काही मात्रा तर वेगळी जागाच घेत नाहीत, वर-खाली बसतात. रेघ नेहमी लांब तरी होते नाहीतर तोकडी तरी. आणि ती मोठी केली की फोनच्या पडद्यावर मोडते: एक पूर्ण ओळ हायफन आणि खालच्या ओळीत उरलेले चार. वापरायचीच तर तीन ते पाच हायफन पुरेत. शब्दाइतकी लांब रेघ हवी हा हट्ट सोडून द्यावा.

दुसरा त्रास जास्त घातक आहे. दोन भागांच्या मध्ये नुसता पडदा म्हणून कोणी `---` टाकतो आणि वरचा परिच्छेद संपल्यावर मोकळी ओळ सोडायला विसरतो. मार्कडाउनच्या दृष्टीने लगेच खाली रेघ आली म्हणजे वरचा मजकूर शीर्षक. परिणामी अख्खा परिच्छेद भल्या मोठ्या ठळक अक्षरांत उभा राहतो. एखाद्या पानावर पाच-सहा ओळींचे शीर्षक दिसले की कारण बहुतेक हेच असते. वर एक मोकळी ओळ सोडली की तीच तीन चिन्हे निव्वळ आडवी रेघ बनतात.

तिसरा त्रास ऐकणाऱ्यांचा. स्क्रीन रीडर विरामचिन्हे वाचण्यावर लावलेला असेल तर हायफनची रांग कानाला टोचते.

एसएमएससाठी तर रेघ आणि सजावट दोन्ही महाग. देवनागरीतला एसएमएस सहसा ७० चिन्हांचा असतो. मजकूर त्याहून लांब झाला की तो ६७-६७ चिन्हांच्या तुकड्यांत जातो. इथे मात्रा आणि अनुस्वारही वेगळे मोजले जातात, म्हणून ‘नोंदणी’ हा शब्द सहा चिन्हांचा आहे. `== नोंदणी ==` लिहिले की तो बाराचा होतो. अशी चार शीर्षके असतील तर २४ चिन्हे, म्हणजे एका एसएमएसचा तिसरा भाग, काहीही न सांगता खर्च होतो.

मोकळी ओळ, अंक आणि क्रियापद

आता जे सगळीकडे टिकते त्याकडे येऊ. अशा तीन गोष्टी आहेत, आणि त्यातली तिसरी मला सर्वांत मोलाची वाटते.

शीर्षकाच्या वर आणि खाली, दोन्हीकडे एकेक मोकळी ओळ हवी. वरची सगळेच सोडतात. खालची गाळली जाते, कारण शीर्षक आणि त्याचा मजकूर चिकटून असावेत असे डोळ्याला वाटते. पण मार्कडाउनमध्ये एकदाच एंटर दाबून केलेली ओळ बहुतेक ठिकाणी आधीच्या ओळीलाच जोडली जाते. ‘मुदतवाढ’ या शीर्षकाखाली लगेच ‘पुस्तक आणखी सात दिवस ठेवता येते’ असे लिहिले असेल तर वाचणाऱ्यापुढे ‘मुदतवाढ पुस्तक आणखी सात दिवस ठेवता येते’ असे एक विचित्र वाक्य येते. शीर्षक गेले आणि वाक्यही बिघडले. खाली मोकळी ओळ असली तर रूपांतर होवो वा न होवो, शीर्षक वेगळेच राहते. वरची जागा खालच्यापेक्षा जास्त ठेवायची म्हणून वर दोन मोकळ्या ओळी सोडल्या तरी बिघडत नाही. रूपांतर करणारे प्रोग्रॅम त्या एकच मानतात.

शीर्षक मध्यावर आणण्यासाठी मात्र त्याच्या आधी रिकाम्या जागा भरू नयेत. ओळीच्या सुरुवातीला चार किंवा जास्त जागा आल्या की मार्कडाउन ती ओळ कोड समजतो आणि करड्या चौकटीत टाकतो. शीर्षक डाव्या कडेलाच सुरू व्हावे.

अंकांच्या बाबतीत मराठीत लिहिणाऱ्याला एक आयता फायदा आहे, तो फारसा कोणी वापरत नाही. शीर्षकाला `1.` असा क्रमांक दिला तर मार्कडाउन त्याला यादीतला मुद्दा समजतो. शीर्षक आत सरकते, आणि मध्ये परिच्छेद आल्यामुळे पुढचा `2.` ही नवीन यादीची सुरुवात ठरते. काही जुने प्रोग्रॅम तिथे पुन्हा १ पासून मोजायला लागतात, मग सगळ्या भागांना एकच क्रमांक दिसतो. लेखकाच्या फाइलीत १, २, ३ असते आणि वाचणाऱ्याकडे १, १, १. पण यादीसाठी मार्कडाउनच्या प्रमाण नियमांत फक्त 0 ते 9 हे रोमन लिपीसोबतचे अंकच धरले आहेत. `१.` असा देवनागरी अंक दिला तर तो साधा मजकूर म्हणून जसाच्या तसा राहतो, रूपांतर होवो वा न होवो. म्हणून क्रमांक द्यायचा तर देवनागरीत द्यावा. दोन पातळ्या लागल्याच तर `२.१` हेही तसेच टिकते. तिसरी पातळी साध्या मजकुरात कोणालाही सांभाळता येत नाही. तिची गरज भासली तर ती गोष्ट परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात घालावी.

एक अडथळा शब्द-संपादकांचा आहे. त्यांतले काही क्रमांक दिसताच आपोआप यादी बनवतात. मजकूर तिथून उचलून दुसरीकडे नेला की यंत्राने घातलेला क्रमांक कधी सोबत येतो, कधी मागे राहतो. म्हणून असा मजकूर फक्त साधा मजकूर ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये लिहिणे बरे.

आणि क्रियापद. मराठी वाक्य बहुधा क्रियापदाने मिटते: आहे, करावे, मिळते, लागेल. आपला कान त्या शेवटाची वाट पाहत असतो. म्हणून जी ओळ छोटी आहे, क्रियापदाने मिटत नाही आणि जिच्या शेवटी पूर्णविराम नाही, ती एकही खूण न लावता शीर्षक म्हणून कळते. ‘सभासद होण्यासाठी लागणारी कागदपत्रे’ ही ओळ कुठेही ठेवा, पुढे काहीतरी सांगितले जाणार आहे हे उघड आहे. ‘सभासद होण्यासाठी कागदपत्रे लागतात’ असे लिहिले की ते एक पूर्ण विधान झाले. दोन्हीकडे मोकळ्या ओळी असूनही ते एकट्या पडलेल्या परिच्छेदासारखे दिसते.

क्रियापद टाळण्याच्या रीती भाषेतच आहेत. ‘मुदत वाढवून घेणे’ यातला शेवटचा ‘णे’ क्रियेचे नाम करतो. ‘पुस्तक हरवले तर’ हा शेवट तर आणखी चांगला, कारण ‘तर’ वाक्य अर्धवट सोडतो आणि खालचा परिच्छेद ते पुरे करतो. प्रश्न हा अपवाद आहे: ‘पुस्तक किती दिवस ठेवता येते?’ यात क्रियापद शेवटी असले तरी प्रश्नचिन्हामुळे ओळ उत्तर मागते, म्हणून तीही शीर्षक म्हणून चालते. फक्त सगळीच शीर्षके प्रश्न करू नयेत. सलग सात प्रश्न वाचताना उलटतपासणी चालल्यासारखे वाटते.

शीर्षकाच्या शेवटी अपूर्णविराम द्यावा का? गरज नाही. दिलाच तर तो खरा अपूर्णविराम आहे ना, हे पाहावे. मराठी कळफलकावर घाईत त्याच्या जागी विसर्ग उमटतो: `नियमः`. डोळ्याला दोन्ही ठिपके सारखेच दिसतात. पण विसर्ग हा त्या शब्दाचा भाग होतो, त्यामुळे ‘नियम’ हा संपूर्ण शब्द म्हणून शोधणाऱ्याला तो सापडेलच असे नाही, आणि बोलून दाखवणारे यंत्र शेवटी ‘ह’चा उच्चार करू शकते.

एक मजकूर उलगडून

एका वाचनालयाची सभासदांसाठी माहिती घेऊ. लिहिणाऱ्याने ती मार्कडाउनमध्ये तयार केली आणि आता ती काहींना ईमेलने, काहींना अ‍ॅपवर जाणार आहे.

```
## नोंदणी
ओळखपत्राची प्रत आणि एक फोटो आणावा.
## मुदत
पुस्तक १४ दिवसांत परत करावे.
### मुदतवाढ
आणखी ७ दिवस मिळतात, एकदाच.
## महत्त्वाचे
हरवलेले पुस्तक नवे आणून द्यावे लागते.
```

नुसते हॅश काढून टाकले तर काय उरेल ते पाहा. ‘नोंदणी’, ‘मुदत’ हे एकेका शब्दाचे तुकडे मजकुराला चिकटून बसतील. हॅश होते तेव्हा शीर्षकाचे वजन चिन्हांवर होते, शब्दांवर काही काम नव्हते. चिन्हे काढल्यावर ते काम शब्दांकडे येते, म्हणून शीर्षके नव्याने लिहावी लागतात. ‘मुदत’ कशाची, हे शीर्षकातच आले पाहिजे. ‘मुदतवाढ’ ही दुसरी पातळी होती, तिच्यात एकच वाक्य आहे. ते वरच्या भागात सामावते आणि पातळ्यांचा प्रश्न मिटतो. ‘महत्त्वाचे’ हे शीर्षक तर काहीच सांगत नाही. ज्याचे पुस्तक हरवले आहे तो ‘महत्त्वाचे’ या शब्दाखाली आपले उत्तर का शोधेल?

```
१. सभासद होण्यासाठी काय लागते?

ओळखपत्राची प्रत आणि एक फोटो आणावा.

२. पुस्तक ठेवण्याची मुदत

पुस्तक १४ दिवसांत परत करावे. मुदत
एकदाच, आणखी ७ दिवस वाढवून मिळते.

३. पुस्तक हरवले तर

तेच पुस्तक नवे आणून द्यावे लागते.
```

हा मजकूर मार्कडाउनचे रूपांतर करणाऱ्या पानावर टाका, तिथे तो साधे परिच्छेद म्हणून दिसेल आणि काही तुटणार नाही. ईमेलमध्ये टाका, अ‍ॅपवर टाका, कागदावर छापा, ओळींची मांडणी तीच राहते. शीर्षके मोठी दिसणार नाहीत, ही त्याची किंमत.

भाग आठ-दहा होणार असतील तर सुरुवातीला एका वाक्यात त्यांची नावे सांगावीत, म्हणजे वाचणारा हवा तो शब्द शोधून थेट खाली जाऊ शकतो. इथे सामान्यरूपाची एक अडचण येते. ‘पुढे परताव्याची आणि तक्रारीची माहिती आहे’ असे वर लिहिले आणि खाली शीर्षक ‘परतावा कसा मिळतो?’ असे असेल, तर ‘परताव्या’ शोधणारा शीर्षकापर्यंत पोहोचत नाही, कारण ‘वा’चा ‘व्या’ झाला आहे. ‘तक्रार’ मात्र ‘तक्रारी’तही सापडते, तिथे मूळ शब्द शाबूत राहतो. म्हणून वरच्या वाक्यात शीर्षके जशीच्या तशी, प्रत्यय न लावता द्यावीत: ‘यात तीन भाग आहेत: परतावा कसा मिळतो, तक्रार नोंदवणे, मुदत संपली तर.’

तपासायचे कसे? मजकूर फक्त साधा मजकूर दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चिकटवावा आणि फोनच्या रुंदीइतकी खिडकी अरुंद करावी. कुठली ओळ मोडते, कुठे चिन्ह उघडे आहे, ते लगेच दिसते. मग तोच मजकूर मार्कडाउन दाखवणाऱ्या एखाद्या पानावर टाकून पाहावा. तिथे काही मोठे झाले, आत सरकले किंवा चौकटीत गेले तर ओळीची सुरुवात तपासावी: तिथे हॅश, हायफन, तारा, अधिकचिन्ह, `>` किंवा 0 ते 9 मधला अंक, नाहीतर चार रिकाम्या जागा असणार. शेवटी फक्त शीर्षके एकाखाली एक मोठ्याने वाचावीत. ऐकणाऱ्याला मजकुरात काय आहे ते सांगता आले नाही, तर दोष शब्दांत आहे.

एक गोष्ट या पद्धतीने साधत नाही. दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडरमध्ये एक कळ दाबून एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर उडी मारतात. ती उडी खऱ्या शीर्षकावरच पडते, साधी ओळ कितीही नेटकी असली तरी यंत्राला ती परिच्छेदच वाटते. म्हणून हाच मजकूर एखाद्या वेबपानावर कायमचा राहणार असेल, तर त्या प्रतीत शीर्षकाची खरी सोय वापरावी आणि साध्या ओळींची प्रत निरोपासाठी वेगळी ठेवावी. शब्द दोन्हीकडे तेच ठेवले तर पुढे बदल करताना दोन प्रती जुळवणेही सोपे जाते.